मोंढ्याची पट्टी आणि दहा ओळींतल्या तीन चुका



या महिन्याच्या सदरात पायथॉनचा एक वर्गपाठ देत आहे. यात मुलांना प्रोग्राम लिहायचा नाही. तो शिक्षकाने लिहून दिलेला असतो आणि त्यात मुद्दाम तीन चुका पेरलेल्या असतात. त्या शोधायच्या, दुरुस्त करायच्या आणि दुरुस्ती खरी आहे हे दाखवून द्यायचे. ही कल्पना जुनी आहे. जेराल्ड वाइनबर्ग यांच्या १९७१ च्या पुस्तकात प्रोग्राममध्ये जाणूनबुजून चुका पेरण्याची युक्ती आलेली आहे. तेव्हा ती मोठ्या प्रोग्रामरांसाठी होती. आपण ती आठवी-नववीच्या मुलांसाठी आपल्या मोंढ्याच्या हिशोबावर बेतू.

सुरुवातीलाच एक फरक सांगते. कंस राहिला किंवा अवतरणचिन्ह सुटले, तर पायथॉन स्वतःच थांबतो आणि ओळीचा क्रमांक दाखवतो. अशी चूक पेरण्यात अर्थ नाही, कारण ती शोधण्याचे काम यंत्रच करून टाकते. आपल्या तिन्ही चुका वेगळ्या जातीच्या आहेत. प्रोग्राम न अडखळता चालतो, पडद्यावर एक आकडा येतो आणि तो आकडा खोटा असतो. व्यवहारात नुकसान करणारी चूक ही अशीच असते, कारण ती ओरडत नाही.

आधी हाताने हिशोब

नांदेडचा नवा मोंढा असो की लातूरचे मार्केट यार्ड, सोयाबीन घालून घरी परतलेल्या माणसाच्या खिशात पट्टी असतेच. पट्टीत पोत्यांची वजने, क्विंटलचा भाव, त्यातून वजा झालेली हमाली आणि हाती आलेली रक्कम असते. मुलांनी ती पाहिलेली असते. आपल्या पाठासाठी एक सोपी पट्टी घेऊ. आकडे सरावासाठीच आहेत, ते आजचे भाव समजू नयेत.

पाच पोती आहेत. त्यांची वजने ६२, ५८, ६५, ६० आणि ५५ किलो. भाव क्विंटलला ४८०० रुपये. हमाली पोत्यामागे १२ रुपये.

संगणक सुरू करण्याआधी प्रत्येकाने उत्तर वहीत काढायचे. एकूण वजन ३०० किलो, म्हणजे ३ क्विंटल. ३ गुणिले ४८०० म्हणजे १४४०० रुपये. पाच पोत्यांची हमाली ६० रुपये. हाती येणार १४३४० रुपये. ही रक्कम वहीच्या वरच्या कोपऱ्यात चौकटीत लिहायची. हे उत्तर हाताशी नसेल, तर पडद्यावरचा आकडा चुकला आहे हेच कळणार नाही.

आता प्रोग्राम पाहा. चलांची नावे मी मुद्दाम आपल्या बोलीतली ठेवली आहेत. `vajan` म्हणजे वजनांची यादी, `ekun` म्हणजे एकूण वजन, `rakkam` म्हणजे रक्कम.

```python
vajan = [62, 58, 65, 60, 55]
bhav = 4800
hamali = 12
ekun = 0
for i in range(1, len(vajan)):
    ekun = ekun + vajan[i]
quintal = ekun // 100
rakkam = quintal * bhav
rakkam = rakkam - hamali
print(rakkam)
```

दहा ओळी आहेत. हा प्रोग्राम चालवला की पडद्यावर `9588` येते. वहीत १४३४० आणि पडद्यावर ९५८८. शेतकऱ्याचे पावणेपाच हजार रुपये कुठे गेले, हाच आजचा प्रश्न.

वर्गात काम कसे चालते

एका संगणकावर दोघांनी बसायचे. एकाच्या हातात कळफलक, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल. दर दहा मिनिटांनी जागा बदलायची. प्रोग्राममध्ये चुका तीन आहेत, हे मी आधीच सांगते. ते का, हे पुढे कळेल.

प्रत्येक चुकीसाठी तीन पायऱ्यांच्या सूचना असतात. त्या घडी घातलेल्या चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर ठेवायच्या. पहिली चिठ्ठी फक्त एक प्रश्न विचारते. दुसरी चिठ्ठी ओळ दाखवते आणि तिथे काय तपासायचे ते सांगते. तिसरी चिठ्ठी चुकीचे कारण सांगते, पण दुरुस्त ओळ लिहून देत नाही. ती ओळ विद्यार्थ्यानेच लिहायची.

चिठ्ठी घ्यायला गुण कापत नाही. गुण कापले तर मुले चिठ्ठी घेत नाहीत, शेजारच्या संगणकाकडे मान वळवतात. त्याऐवजी एकच अट ठेवते. चिठ्ठी उघडण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहायच्या: मला काय अपेक्षित होते, प्रत्यक्ष काय आले, आणि मी काय करून पाहिले. बरेचदा ही तिसरी गोष्ट लिहितानाच चूक दिसते आणि चिठ्ठी न उघडता परत जाते.

पहिली चूक: हरवलेले पोते

पहिली चिठ्ठी विचारते: “मोंढ्यात पाच पोती उतरली. प्रोग्रामने किती मोजली?”

दुसरी चिठ्ठी म्हणते: “पाचवी आणि सहावी ओळ वाचा. वहीत तीन रकाने आखा: `i`, `vajan[i]` आणि `ekun`. फेरी जशी फिरेल तसे आकडे भरत जा.”

हा तक्ता भरणे म्हणजे स्वतः संगणक होणे. भरल्यावर तो असा दिसतो. `i` १ असताना वजन ५८ आणि एकूण ५८. `i` २ असताना वजन ६५ आणि एकूण १२३. `i` ३ असताना ६० मिळवून १८३. `i` ४ असताना ५५ मिळवून २३८. तक्त्यात चारच ओळी झाल्या आणि ६२ चे पोते कुठेच आले नाही.

तिसरी चिठ्ठी कारण सांगते: “पायथॉन यादीतले पहिले घर १ ने नाही, शून्याने मोजतो. पाच पोत्यांची घरे ० ते ४. फेरी कुठून सुरू व्हायला हवी?”

दुरुस्ती म्हणजे पाचव्या ओळीत `range(len(vajan))` लिहिणे. काही मुले चौथ्या ओळीत `ekun = vajan[0]` लिहून पहिले पोते आधीच धरून घेतात. तेही चालते, त्याला चूक म्हणू नये. मात्र काही जण शेवट वाढवून `range(1, len(vajan) + 1)` करतात. मग प्रोग्राम थांबतो आणि `IndexError: list index out of range` असे म्हणतो, कारण ५ क्रमांकाचे घर यादीत नाहीच. अशा वेळी त्यांना पुन्हा तक्त्याकडे पाठवावे.

दुसरी चूक: हमालाचे ४८ रुपये

पाचवी ओळ दुरुस्त झाली की पडद्यावर `14388` येते. आता उत्तर कमी नाही, जास्त आहे, तेही ४८ ने. इथे मुलांना फरकाकडे नीट पाहायला शिकवावे. पुष्कळदा फरकच चुकीचा पत्ता सांगतो. ४८ म्हणजे चार वेळा १२.

पहिली चिठ्ठी विचारते: “हमालाने किती पोती उचलली आणि त्याला किती पोत्यांचे पैसे मिळाले?”

दुसरी चिठ्ठी म्हणते: “नवव्या ओळीत वजा होणारा आकडा छापून पाहा. त्या ओळीच्या आधी `print(hamali)` लिहा.”

तिसरी चिठ्ठी सांगते: “हमाली पोत्यामागे असते. `len(vajan)` पोत्यांची संख्या देते. हे दोन्ही एकत्र कसे आणाल?”

दुरुस्त ओळ अशी होते: `rakkam = rakkam - hamali * len(vajan)`.

ही चूक पायथॉनच्या ज्ञानाने सापडत नाही. नियमाच्या दृष्टीने नववी ओळ निर्दोष आहे. हमाली पोत्यावर असते, पट्टीवर नसते, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ती खटकते. माझ्या वर्गात ती सर्वांत आधी ओळखली एका मुलीने, जिचे अब्बू मोंढ्यात पोती उचलतात. तिने चिठ्ठी उघडलीच नाही. ती म्हणाली, “मिस, पाच पोत्यांचे बारा रुपये कोण घेईल?” संगणकात हुशार समजली जाणारी मुले तेव्हा चिन्हे आणि कंस तपासत होती. म्हणून प्रोग्रामचा विषय मुलांच्या घराच्या ओळखीचा असावा. जो व्यवहार माहीत नाही, त्याचा खोटा आकडा कोणालाच खटकत नाही.

उत्तर जुळले, तरी एक चूक बाकी

दोन दुरुस्त्यांनंतर पडद्यावर `14340` येते. वहीतल्या चौकटीतही १४३४० आहे. वर्गात आनंद होतो. “मिस, झाले!” चुका तीन आहेत हे आधी सांगितलेले नसते, तर मुले इथेच थांबली असती. उत्तर बरोबर आहे आणि प्रोग्राम अजून चुकीचा आहे.

आता त्यांना दुसरी पट्टी द्यावी. एका लहान शेतकऱ्याने एकच पोते आणले आहे, वजन ५० किलो. भाव आणि हमाली तीच. हाताने हिशोब करा: अर्धा क्विंटल, म्हणजे २४०० रुपये. हमाली १२. हाती २३८८ रुपये. आता पहिली ओळ `vajan = [50]` अशी बदलून प्रोग्राम चालवा. पडद्यावर येते `-12`. माल गेला आणि वर शेतकऱ्याच्या खिशातून बारा रुपये गेले!

पहिली चिठ्ठी विचारते: “अर्धा क्विंटल सोयाबीन कुठे गेले?”

दुसरी चिठ्ठी म्हणते: “सातव्या ओळीनंतर `print(quintal)` लिहा आणि दोन्ही पट्ट्यांवर चालवून पाहा.”

पहिल्या पट्टीवर `3` छापले जाते, दुसरीवर `0`.

तिसरी चिठ्ठी सांगते: “पायथॉनमध्ये भागाकाराची दोन चिन्हे आहेत. `//` फक्त पूर्ण भाग ठेवते आणि उरलेले टाकून देते. `/` अपूर्णांकासह उत्तर देते. मोंढ्याच्या काट्याला यांतले कोणते हवे?”

दुरुस्त ओळ `quintal = ekun / 100`. आता दुसऱ्या पट्टीवर `2388.0` आणि पहिल्या पट्टीवर `14340.0` येते. शेवटी आलेला `.0` पाहून मुले बिचकतात. `/` चे उत्तर पायथॉन नेहमी दशांश संख्येत देतो, पूर्ण भाग गेला तरीही. तो `.0` म्हणजे चूक नव्हे.

हा पाठ याच ठिकाणासाठी रचला आहे. पहिल्या पट्टीचे वजन ३०० किलो ठेवले, कारण ३०० ला १०० ने पूर्ण भाग जातो. तिथे `//` आणि `/` सारखेच वागतात आणि चूक लपून राहते. त्याआधी ६२ किलोचे पोते गाळले गेले होते, तेव्हा २३८ चे २ क्विंटल होऊन ३८ किलो बुडत होते. पण पोत्याची चूक दुरुस्त करताच ही चूकही नाहीशी झाल्यासारखी वाटली. ती गेली नव्हती, झाकली गेली होती.

दुसऱ्या पट्टीलाही स्वतःचा आंधळा कोपरा आहे. पोते एकच असेल तर एकदा हमाली वजा करणे आणि पोत्यामागे वजा करणे यांत काहीच फरक पडत नाही. म्हणजे हमालीची चूक या पट्टीवर कधीच सापडणार नाही. पहिली पट्टी जे लपवते ते दुसरी दाखवते आणि दुसरी जे लपवते ते पहिली दाखवते. म्हणून दुरुस्ती झाली असे म्हणायचे ते दोन्ही पट्ट्या जुळल्यावरच.

जुगाडाची दुरुस्ती कशी पकडायची

दर वर्गात एक-दोन मुले अशी निघतात, जी फरक मोजतात आणि तो जोडून टाकतात. ९५८८ आणि १४३४० यांतला फरक ४७५२. मग शेवटच्या ओळीआधी `rakkam = rakkam + 4752` लिहितात आणि हात वर करतात. पडद्यावर उत्तर अगदी बरोबर असते. रागावू नये. दुसरी पट्टी चालवायला सांगावी. `4740` येते, म्हणजे पन्नास किलोला जवळजवळ क्विंटलभराचे पैसे. मुलगा स्वतःच हसतो आणि ओळ खोडतो.

याहून सभ्य दिसणारा जुगाड म्हणजे तिसऱ्या ओळीत `hamali = 60` लिहिणे. पाच पोत्यांना ते बरोबर. बाकी सारे दुरुस्त असले तरी एका पोत्याच्या पट्टीवर मात्र २३८८ ऐवजी `2340.0` येते. एका पोत्याला पाच पोत्यांची हमाली लागली. इथेही दुसरी पट्टीच साक्ष देते. शिक्षकाला कोणाची वही तपासत बसावे लागत नाही.

स्वतः असा पाठ तयार करायचा असेल तर

आधी बिनचूक प्रोग्राम लिहावा आणि तो दोन्ही पट्ट्यांवर चालवून घ्यावा. मग एका वेळी एकच चूक पेरावी आणि प्रत्येक वेळी पडद्यावर काय येते ते टिपून ठेवावे. मुले कोणत्याही क्रमाने चुका काढतात. कोणी हमाली आधी दुरुस्त केली तर पडद्यावर `9540` येते, आणि वर्गात तो आकडा ऐकताच तुम्हाला कळते की हा गट कुठवर पोचला आहे.

दहा ओळींत तीनपेक्षा जास्त चुका नकोत, आणि एका ओळीत दोन तर मुळीच नकोत. तसे केले की मुले विचार करणे सोडून अंदाजाने चिन्हे बदलू लागतात. हे ओळखायची खूण सोपी आहे: वहीतला तक्ता रिकामा असतो आणि प्रोग्राम मिनिटाला चार वेळा चालवला जात असतो. अशा गटाला दोन मिनिटे कळफलकापासून दूर करून पेन्सिल द्यावी.

चिठ्ठ्या लिहिताना उलट क्रमाने लिहिणे सोपे जाते. आधी तिसरी लिहावी, ज्यात कारण असते. त्यातून कारण काढले आणि फक्त जागा ठेवली की दुसरी तयार होते. जागाही काढली आणि पोती, हमाल, क्विंटल यांच्या भाषेतला प्रश्न तेवढा ठेवला की पहिली. पहिल्या चिठ्ठीत प्रोग्रामचा एकही शब्द नसावा. ती वाचून घरातली मोठी माणसेही उत्तर देऊ शकली पाहिजेत.

या पाठाची मर्यादाही सांगते. पेरलेल्या चुका शोधता आल्या म्हणजे स्वतःच्या चुका शोधता येतात असे नाही. इथे चुका आहेत हे माहीत असते, किती ते माहीत असते, आणि बरोबर उत्तर हाताने काढता येते. म्हणून पुढच्या वेळी चुकांची संख्या सांगू नये, आणि त्यापुढच्या वेळी दुसरी पट्टी मुलांनीच बनवावी. “अशी पट्टी बनवा की हा प्रोग्राम फसेल,” एवढेच सांगावे.

या महिन्याचा गृहपाठ

घरी संगणक नसला तरी चालेल, वही-पेन्सिल पुरे. खालच्या प्रोग्रामने सर्वांत हलके पोते शोधायला हवे, म्हणजे ५५. पण पडद्यावर `0` येते. चूक एकच आहे.

```python
vajan = [62, 58, 65, 60, 55]
halke = 0
for v in vajan:
    if v < halke:
        halke = v
print(halke)
```

पहिली सूचना मी देते: “मोंढ्यात शून्य किलोचे पोते कोणी आणले?” दुसरी आणि तिसरी सूचना तुम्ही लिहा. चूक सापडल्यावर दुसरी पट्टीही बनवा, आणि काहींनी तिथे शून्याच्या जागी १०० लिहिले तर तो जुगाड पकडला जाईल अशी बनवा. इन्शाअल्लाह, पुढच्या अंकात उत्तर पाहू.